काला अंब पाहिला, की पाहिलं?

पानिपत शहरातून ई-रिक्षानं निघालो की साधारण ८ किलोमीटरवर रिक्षावाला मान मागं वळवून सांगतो, "काला अंब आ गया जी." आला, म्हणजे पुल्लिंग. त्याला विचार करावा लागला नाही. माझी भाची नोएडात वाढलेली, घरात मराठी आणि बाहेर सगळी हिंदी. तिनं मात्र उतरता उतरता घोटाळा केला. आईला फोन लावून म्हणाली, "आम्ही काला अंब बघितली," आणि लगेच थांबून मला विचारलं, "मामा, बघितली की बघितला? का बघितलं?"

मी मराठी लिहिण्यावर पोट भरणारा माणूस, पण तिथं उभ्या उभ्या मला उत्तर देता येईना. स्मारक म्हणावं तर ते नपुंसकलिंगी. जागा म्हणावी तर स्त्रीलिंगी. आंबा म्हणावा तर पुल्लिंगी, पण आंबा तर तिथं आता नाहीच. १४ जानेवारी १७६१ला सदाशिवरावभाऊंची फौज आणि अहमदशहा अब्दाली यांची लढाई झाली ती याच परिसरात. इथल्या एका आंब्याची पानं रक्तानं काळवंडली आणि म्हणून जागेचं नाव काला अंब पडलं, अशी दंतकथा आहे. झाड केव्हाच वाळून गेलं. आता बाग आहे, स्तंभ आहे, आणि दर संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून गाड्या भरभरून येणारी माणसं आहेत. त्यातल्या कित्येकांना पाटी वाचताना क्षणभर दहीकाला आठवत असणार, कारण मराठीत 'काला' म्हटलं की रंग डोळ्यांपुढं येत नाही, गोकुळाष्टमी येते.

पण भाचीचा प्रश्न खरा होता. बाहेरून आलेल्या शब्दाला मराठी माणूस लिंग कुठून आणून देतो? आणि हिंदीत दोन लिंगांत भागतं, तर आपल्याकडं तिसरं का?

अंबापासूनच सुरुवात करू. संस्कृतात 'आम्र' हा शब्द झाडासाठी पुल्लिंगी आणि फळासाठी नपुंसकलिंगी चाले. प्राकृतात त्याचा 'अंब' झाला. तो पंजाबीत आणि हरियाणाच्या या पट्ट्यात अजून तसाच आहे. मराठीनं त्याला 'आंबा' केलं आणि झाड नि फळ दोन्ही पुल्लिंगात घातली. हा आळस सगळ्या झाडांच्या बाबतीत मात्र केलेला नाही. केळ ती, म्हणजे झाड. केळं ते, म्हणजे फळ. बोराचं आणि जांभळाचंही जुन्या मराठीत असंच: झाड ती, फळ ते. "परसातली बोर तोडली" आणि "परसातलं बोर तोडलं" यांत पहिल्या वाक्यात कुऱ्हाड लागते आणि दुसऱ्यात नुसती टाच उंचावली तरी पुरतं.

संस्कृतातली ही तीन लिंगं उत्तर भारतातल्या बहुतेक भाषांनी वाटेत टाकली. हिंदी-पंजाबीनं नपुंसकलिंग पुल्लिंगात मिसळून टाकलं. बंगाली-ओडियानं लिंगाच्या कटकटीतूनच सुटका करून घेतली. मोठ्या भाषांपैकी मराठी, गुजराती आणि कोकणी यांनी तिसरं लिंग सांभाळलं. याचं एक कारण उच्चारात सापडतं. प्राकृताच्या शेवटच्या टप्प्यात पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांचे शेवट जवळजवळ सारखे झाले होते. फरक राहिला तो एका अनुनासिकाचा: नपुंसकलिंगी शब्द नाकातून संपत होता. जिथं तो नाकातला सूर विरला, तिथं दोन लिंगं एक झाली. पश्चिमेच्या भाषांत तो टिकला म्हणून लिंगही टिकलं. गुजरातीत तो आजही धडधडीत ऐकू येतो: घोडो, घोडी, घोडुं. मराठीत त्याच जागी घोडा, घोडी आणि घोडें आलं.

हे 'घोडें' आपण नीट पाहू, कारण मराठी नपुंसकलिंगाची सगळी गंमत आणि सगळी अडचण याच एका प्राण्यात आहे.

पानिपतच्या वेढ्यात मराठ्यांच्या छावणीची रसद तुटली होती आणि जनावरं उपाशी मरत होती. समजा, त्याबद्दल आज प्रमाण मराठीत लिहायचं आहे. एक नर मेला तर 'घोडा मेला'. अनेक नर मेले तर 'घोडे मेले'. एक मादी गेली तर 'घोडी मेली'. अनेक गेल्या तर 'घोड्या मेल्या'. नर की मादी हे महत्त्वाचं नसेल, नुसतं जनावर म्हणायचं असेल, तर नपुंसकलिंगी एकवचन 'घोडे मेले' आणि अनेकवचन 'घोडी मेली'. आता मागं जाऊन पाहा. 'घोडे मेले' म्हणजे एक जनावर की अनेक नर? 'घोडी मेली' म्हणजे एक मादी की छावणीतली सगळी घोडी? कागदावर कळत नाही. मराठी नपुंसकलिंगाला स्वतःचं कापडच नाही. एकवचनात ते पुल्लिंगाच्या अनेकवचनाचा सदरा घालतं, अनेकवचनात स्त्रीलिंगाच्या एकवचनाचं लुगडं नेसतं.

पूर्वी हे दिसत होतं. जुन्या लेखनात नपुंसकलिंगाच्या डोक्यावर अनुस्वार असे: घोडें मेलें, घोडीं मेलीं. ते टिंब म्हणजे त्या प्राकृत अनुनासिकाची शेवटची खूण. उच्चारातून अनुनासिक गेलं होतंच. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार काढून टाकले आणि लिहिणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. पण त्याबरोबर तिसऱ्या लिंगाची ओळखपाटीही गेली. बोलणाऱ्यांनी मात्र आपल्यापुरती सोय आधीच केलेली होती. 'घोडें'चं बोलीत 'घोडं' झालं आणि ते 'घोडे'पासून कानाला स्वच्छ वेगळं ऐकू येतं. हा लेख मी 'केलं, गेलं' असा लिहितोय तो उगाच लाडात येऊन नव्हे. 'केले, गेले' लिहिलं की नपुंसकलिंग पुन्हा पुल्लिंगाच्या आड लपतं. "घोडं कुठं पेंड खातंय" हे आपण कधीच 'घोडे'नं विचारत नाही, कारण तिथं नर-मादीचा प्रश्नच नाही, अडचणीचा आहे.

अनेकवचनाची अडचण मात्र बोलीतही सुटलेली नाही. 'ती आली' म्हणजे एक बाई आली की मुलं आली, हे मागच्या-पुढच्या बोलण्यावरूनच ठरवायचं. मिश्र घोळका असला की मराठी तो सरळ नपुंसकलिंगात टाकते: मुलगे आणि मुली मिळून मुलं, 'ती आली'. हिंदीत अशा वेळी पुल्लिंग वरचढ होतं: 'बच्चे आए'. मला यात मराठीचा न्याय जास्त बरा वाटतो. कोकणीत तर मुलीला, अगदी तरुण मुलीलाही, नपुंसकलिंगी 'तें' म्हणतात आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. 'नपुंसक' हे नाव व्याकरणाला संस्कृतातून चिकटलं. त्याचा वापर करणारी माणसं त्या लिंगाकडं कमीपणानं कधी पाहत नाहीत. मूल, लेकरू, वासरू, पिल्लू हे सगळं त्यातच येतं.

आता पाहुण्या शब्दांकडं वळू. त्यासाठी पानिपतचीच एक गोष्ट पुरते. पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून आडवळणानं कळली, असं आपण शाळेपासून ऐकलेलं आहे. त्यात माणसांची नावं नव्हती, हिशेब होता: मोती गळाली, मोहरा हरवल्या, आणि किती रुपये नि खुर्दा गेला त्याची मोजदाद नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, बाकीचं म्हणजे तुमच्याआमच्यासारखी माणसं. हा निरोप शब्दशः तसाच होता का, हा प्रश्न इतिहासकारांचा. मला त्यातली नाणी हवी आहेत. कारण मोती नपुंसकलिंगी, मोहर स्त्रीलिंगी आणि रुपया पुल्लिंगी. एका हिशेबात तिन्ही लिंगं बसलेली आहेत आणि प्रत्येक शब्द आपल्या लिंगापर्यंत वेगळ्या वाटेनं पोचला आहे.

मोत्याची वाट वारशाची. संस्कृत 'मौक्तिक' नपुंसकलिंगी, म्हणून मराठी मोतीही तसंच, आणि अनेकवचन 'मोत्ये'. पाणी-पाण्ये, लोणी-लोण्ये, तसं मोती-मोत्ये, असं व्याकरणाची जुनी पुस्तकं घोकून घेत. आज 'मोत्ये' कुणाच्या तोंडी नाही आणि अनेकजण बिनदिक्कत 'मोती सापडला' म्हणतात. वारशानं आलेलं नपुंसकलिंग असं हळूच निसटतंही.

रुपयाची वाट शेवटच्या अक्षराची. 'रूप्य' म्हणजे चांदी. त्यातूनच मराठीत 'रुपं' आलं, तेही चांदीच, आणि ते नपुंसकलिंगी. त्याच मुळाचं नाणं मात्र 'रुपया' होऊन आलं आणि शेवटी 'आ' आहे म्हणून पुल्लिंगात बसलं. धातू ते, नाणं तो.

मोहर ही खरी परकी. फारसी 'मुहर' म्हणजे शिक्का. फारसीत लिंगच नसतं. म्हणजे तो शब्द दारात आला तेव्हा त्याच्या हातात कसलंच प्रमाणपत्र नव्हतं. हिंदीत तो स्त्रीलिंगी झाला, मराठीतही झाला. शेजारी त्याच अर्थाची 'मुद्रा' आधीपासून बसलेली होती, तिनं ओढून घेतलं असावं. आणि एक योगायोग पाहा. आंब्याला येतो तोही मोहरच, पण तो 'मुकुल'पासून आलेला, देशी आणि पुल्लिंगी. 'मोहर आला' म्हटलं की आपण झाडाकडं पाहतो, 'मोहर उमटली' म्हटलं की कागदाकडं. एका आंब्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रणभूमीवर दोन मोहर वेगळे राखण्याचं काम एकटं लिंग करतं.

त्या काळची सगळी लष्करी मराठी अशा बेवारस फारसी-अरबी शब्दांनी भरलेली होती. मराठीनं त्यांना कुठं कुठं बसवलं ते पाहिलं की तिचा स्वभाव कळतो. फौज ती, लष्कर ते. अर्थ एकच, पण एकीला सेनेशेजारी जागा मिळाली आणि दुसऱ्याला सैन्याशेजारी. तोफ आणि बंदूक या स्त्रिया, किल्ला पुरुष. शहर, मैदान, जहाज, तख्त, नुकसान ही सगळी हिंदीत पुल्लिंगी, मराठीत मात्र नपुंसकलिंगी. भाचीची मराठी नेमकी इथं घसरते. 'मोठा शहर' म्हणते, 'मैदान भरला' म्हणते. दुकानाच्या बाबतीत तर हिंदीत ती स्त्री आहे, म्हणून 'दुकान बंद होती'. दिल्लीच्या अनेक मराठी घरांत हे ऐकू येतं. ही चूक अज्ञानाची नाही. दोन खणांच्या कपाटातून तीन खणांच्या कपाटात कपडे लावताना जे होतं, ते आहे. हिंदीतला पुल्लिंगी शब्द मराठीत कुठल्या खणात जाईल हे हिंदीवरून सांगताच येत नाही.

अरबीतून आलेल्या काही शब्दांना मात्र मूळचं लिंग जवळजवळ नकळत मिळालं. अरबीत स्त्रीलिंगाची खूण म्हणून शेवटी येणारा एक प्रत्यय फारसीत येताना 'त' होऊन बसला. दौलत, इज्जत, हिंमत, किंमत, इमारत, मेहनत, हे सगळे असे आणि सगळे मराठीत स्त्रीलिंगी. फारसीत मधल्या काळात लिंग नव्हतंच, पण शेवटचा 'त' होता. त्यातल्या त्यात सरबत तेवढं फुटून नपुंसकलिंगात गेलं, कारण पाणी, दूध, ताक यांच्या पंगतीत त्याला तिथंच ताट मिळणार.

शेवटच्या अक्षराचा धाक किती, हे कळायला पोर्तुगीज शब्द सगळ्यात चांगले. पोर्तुगीजमध्ये लिंग आहे आणि तिथं शब्दाच्या शेवटी 'आ' म्हणजे सहसा स्त्रीलिंग. मराठीत नेमकं उलटं. त्यामुळं तिकडची स्त्रीलिंगी 'बताता' गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि मराठीत तो बटाटा झाला. तिथलं लिंग मराठीनं विचारलंसुद्धा नाही, शेवटचा स्वर ऐकला आणि निकाल दिला. 'गामेला' म्हणजे लाकडी पसरट भांडं, तीही स्त्रीलिंगी. तिचं मराठीत घमेलं झालं: लिंग तर बदललंच, मराठीनं तिला स्वतःचा नपुंसकलिंगी शेवटही शिवून दिला. दारूचं पीप, 'पिपा', तिचं झालं पिंप, तेही नपुंसकलिंगी. उलट 'बाल्दे' पुल्लिंगी होता, त्याला मराठीत 'ई' चिकटली आणि बादली झाली. एकटी चावी तेवढी तिकडंही स्त्री आणि इकडंही स्त्री.

इंग्रजी शब्दांची गोष्ट वेगळी, कारण त्यातले बहुतेक व्यंजनावर संपतात. शेवटी 'आ' किंवा 'ई' असली तर जुनाच नियम लागतो: कॅमेरा तो, पिझ्झा तो, कंपनी ती, बॅटरी ती. पण बस, ट्रक, तिकीट, फोन, बँक, कोर्ट यांच्या शेवटी कान लावून काही हाती लागत नाही. तिथं मराठी अर्थाकडं वळते. या वस्तूच्या जातीची आपल्याकडची प्रमुख कोण, हे पाहते आणि तिच्या घरात नव्या पाहुण्याला ढकलते.

वाहनांच्या जातीची प्रमुख गाडी. म्हणून बस, कार, जीप, ट्रेन, स्कूटर, सायकल सगळ्या स्त्रीलिंगी. गाडीचा धाक इतका की रिक्षाच्या शेवटी 'आ' असूनही मराठीत रिक्षा 'आली'. हिंदीत 'रिक्शा आया'. काला अंबच्या बाहेर आमच्या ई-रिक्षावाल्याला मी "रुका है क्या?" असं विचारलं ते रिक्षेबद्दल, पण भाचीला वाटलं ते त्याच्याबद्दल आहे, आणि हिंदीत वाढलेली असूनही तिला हसू आलं. पण ट्रक, टेम्पो, टँकर, ट्रॅक्टर हे पुरुष. अवजड, माल वाहणारे. मराठीत गाडी आणि गाडा, लोटी आणि लोटा, असा आकाराचा भेद लिंगानं दाखवायची जुनी सवय आहे, ती इथं कामाला आली. विमान मात्र संस्कृतातूनच नपुंसकलिंगी, म्हणून हेलिकॉप्टर 'उतरलं' आणि रॉकेट 'उडालं'.

इथं एक सावधगिरी बाळगायला हवी. अर्थावरून लिंग मिळतं म्हणजे इंग्रजी शब्दाचं मराठी भाषांतर करून त्याचं लिंग लावलं जातं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. ते अर्धंच खरं आहे. 'पिक्चर'चं भाषांतर चित्र, आणि चित्र नपुंसकलिंगी. पण आपण 'पिक्चर पाहिला' म्हणतो, कारण तिथं पिक्चर म्हणजे सिनेमा. शब्दकोशातला प्रतिशब्द लिंग देत नाही. बोलताना मनात जी वस्तू असते, तिच्या नावाचं लिंग लागतं. हॉस्पिटलचंही पाहा. गावातला माणूस आयुष्यभर दवाखान्यातच गेला, आणि तो पुल्लिंगी. तरी हॉस्पिटल 'बांधलं'. कॉलेज, ऑफिस, कोर्ट, स्टेशन, हॉटेल, टेबल, बिल, तिकीट, पोस्टर, सगळी नपुंसकलिंगी. निर्जीव वस्तू, शेवटी व्यंजन, जवळपास ठाम नातेवाईक कुणी नाही, अशी स्थिती असली की मराठी तो शब्द सहसा नपुंसकलिंगाच्या ओसरीवर टेकवते. ज्या लिंगाला स्वतःचं कापड नाही, त्याच्याच घरी सगळ्यात जास्त पाहुणे उतरतात. हिंदीत ही ओसरीच नाही, तिथं अशा वेळी बहुधा पुल्लिंग धावून येतं.

आणि कधी कधी दोन-तीन नातेवाईक एकदमच हात धरतात. मेल हे त्याचं ताजं उदाहरण. रेल्वेची मेल कधीचीच स्त्रीलिंगी, गाडीच्या घरची: 'मद्रास मेल आली'. संगणकावरची मेल आली तेव्हा भांडण सुरू झालं. निरोप किंवा मेसेज डोळ्यांपुढं असणाऱ्यांना तो 'आला'. चिठ्ठी वाटणाऱ्यांना ती 'आली'. पत्र वाटणाऱ्यांना ते 'आलं'. एका कचेरीत तिन्ही ऐकू येतात आणि कुणीच चुकत नाही. पेनाचंही असंच अनेक वर्षं चाललं आहे: कुणाचं पेन हरवतं, कुणाचा पेन हरवतो.

असा वाद झाला की निकाल लावायला 'तो, ती, ते' पुढं ठेवून पाहायला सांगतात. मला ती कसोटी कमी भरवशाची वाटते, कारण विचारलं की माणूस सावध होतो आणि पुस्तकी उत्तर देतो. त्यापेक्षा त्या शब्दाला काहीतरी होऊ द्यावं. हरवला, फुटली, बिघडलं, यातलं तोंडातून आपोआप काय निघतं ते खरं. दुसरी कसोटी विभक्तीची. 'बँकेत' म्हणता, म्हणजे बँक स्त्री. 'कोर्टात' म्हणता, म्हणजे कोर्ट स्त्री नाही. मात्र ही कसोटी पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांतला फरक सांगू शकत नाही, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी दोघंही सारखंच वाकतात: घोड्यावर, घमेल्यावर. तिथं अनेकवचन उपयोगी पडतं. एक फोन, दोन फोन: बदल नाही, म्हणजे पुरुष. एक तिकीट, दोन तिकिटं: नपुंसकलिंग. एक फाइल, दोन फायली: स्त्री. इंग्रजी 'एस' चिकटवून 'बसेस' म्हटलं की या कसोटीतून पळवाट निघते. पण 'दोन बशी' म्हटलं तर कपाखालच्या बशा आठवतील, हेही खरं.

यातल्या कुठल्याच नियमाला कायद्याचं बळ नाही. १८३६मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हापासून व्याकरणकार लिंगाच्या प्रकरणात शेवटावरून नियम देतात, अपवादांची रांग लावतात आणि अखेर रूढीकडं बोट दाखवतात.

गावांच्या नावांची रूढी मात्र बरीच शिस्तीची आहे. मुंबई, दिल्ली, सांगली स्त्रीलिंगी. सातारा आणि आग्रा पुल्लिंगी. पुणं आणि ठाणं नपुंसकलिंगी. व्यंजनावर संपणारी बहुतेक गावं नपुंसकलिंगात: नागपूर वाढलं, लाहोर जिंकलं. सुरत तेवढी हट्टानं 'लुटली' जाते. पानिपतही याच नियमानं नपुंसकलिंगी झालं, पण ते गावापाशी थांबलं नाही. निवडणुकीत पक्षाचं पानिपत होतं, बाजारात व्यापाऱ्याचं पानिपत होतं. हरियाणातल्या एका गावाचं नाव मराठीत सामान्यनाम झालं आणि जाताना मराठीनं दिलेलं लिंग घेऊन गेलं. इथल्या माणसाला हे सांगितलं तर तो चक्रावतो. त्याच्या भाषेत पानीपत हे गाव आहे, तिथं सतरंज्या आणि ब्लँकेटं बनतात, ते कुणाचं 'होत' नाही.

भाचीला मी शेवटी सांगितलं की 'काला अंब पाहिला' म्हण, कारण नावात अंब आहे आणि 'काला'चा 'आ' त्याला पुरुष ठरवतो. तिला ते पटलं नाही. "झाड तर नाहीये ना इथं," ती म्हणाली. "आपण स्मारक बघितलं. मग बघितलं." तिचा कान हिंदीचा आणि निवाडा मात्र अस्सल मराठी: समोर जी वस्तू आहे तिचं लिंग. मी गप्प बसलो. मग तिनं आईला पुन्हा फोन लावला. या खेपेला क्रियापदच टाळलं आणि म्हणाली, "काळ्या आंब्याखाली उभे आहोत." काळा, काळी, काळं, तिन्ही विभक्तीत 'काळ्या'च होतात. वाद तिथल्या तिथं मिटला. वर आंबा नव्हता, जानेवारीचं धुकं होतं.